अठ्ठेचाळीस नंबरची ओळख

गेल्या वर्षी माझी भाची इंजिनीअरिंगला गेली. घर सोडून हॉस्टेलवर राहण्याची तिची ही पहिलीच वेळ. ओरिएंटेशनच्या दुसऱ्या दिवशी रात्री तिचा फोन आला. आवाज रडवेला नव्हता, पण नेहमीचाही नव्हता.

"मावशी, आज सगळ्या वर्गाने एकेक करून ओळख करून दिली. साठ जणांनी नावं सांगितली, गावं सांगितली, छंद सांगितले. मला एकाचंही नाव आठवत नाहीये. माझ्या शेजारी बसलेल्या मुलीचंसुद्धा नाही. माझ्यातच काही गडबड आहे का?"

मी तिला म्हटलं, "तुझ्यात काही गडबड नाही. ती पद्धतच तशी आहे. मला पण माझ्या शेजारच्या मुलीचं काही ऐकू आलं नव्हतं आणि त्यापायी मी फार मोठा घोळ करून ठेवला होता."

तो घोळ मी त्या रात्री तिला सांगितला. आपल्या मंडळाच्या बऱ्याच घरांतून दरवर्षी मुलं अशीच बाहेरगावी शिकायला जातात, म्हणून तो इथेही लिहिते आहे.

साल २००९. मी बेळगावची, मराठी माध्यमातली. सीईटीतून बेंगळूरच्या एका कॉलेजात बीईला जागा मिळाली. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी बाबांबरोबर बेंगळूरला उतरले. सोबत दोन बॅगा, एक गादीची गुंडाळी आणि आईने "मैत्रिणींना वाट" असं बजावून दिलेला किलोभर कुंदा.

कॉलेजात पहिली गोष्ट बघितली ती नोटीस बोर्डावरची यादी. आपल्याकडे शाळेत हजेरी आडनावाने लागते, निदान माझ्या शाळेत तरी तशी होती. इथे यादी पहिल्या नावाने होती. कर्नाटकात, विशेषतः दक्षिणेकडे, पुष्कळ लोक आडनाव लावतच नाहीत. नावापुढे वडिलांच्या किंवा गावाच्या नावाचं आद्याक्षर असतं, तेवढंच. त्यामुळे यादीत एकाच अक्षराची नावं एकापाठोपाठ लागतात आणि वर्गात, प्रयोगशाळेत, परीक्षेत तुमच्या मागेपुढे तुमच्यासारख्याच नावाची माणसं बसतात. अठ्ठेचाळीस नंबरवर एक मुलगी होती, एकोणपन्नासवर मी. आमच्या दोघींच्या नावातली पहिली तीन अक्षरं एकच. हॉस्टेलच्या खोल्याही त्याच यादीवरून वाटल्या होत्या, त्यामुळे खोलीतही आम्ही दोघीच.

मी खोलीत शिरले तेव्हा ती आधीच आली होती. खाटेखाली एक भली मोठी काळी लोखंडी ट्रंक सरकवायची तिची धडपड चालली होती. ट्रंक खाटेखाली मावत नव्हती. शेवटी ती भिंतीला टेकवून ठेवली आणि त्यामुळे माझ्या टेबलाकडे जायची वाट अर्धी झाली. तिने नाव सांगितलं, मी सांगितलं. "बिदर," ती म्हणाली. "बेळगाव," मी म्हणाले. बोलणं तिथेच संपलं. हॉस्टेलात नाहीतरी पहिल्या आठवड्यात कुणी कुणाला नावाने ओळखत नव्हतं. गावाचं नाव हेच माणसाचं नाव. समोरच्या खोलीत हासन आणि दावणगेरे राहत होत्या, जिन्याजवळ मंगळूर.

पहिला दिवस सभागृहात गेला. भाषणं झाली. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्रं गोळा केली, एक आमच्या सहीचं आणि एक पालकांच्या. यूजीसीचे नवे नियम त्याच वर्षी आले होते, त्यामुळे कागदपत्रांची तपासणी कडक होती. बाबा दुपारच्या गाडीने परत गेले.

दुसऱ्या दिवशी ओळखीचा तास होता. एका मॅडमनी सांगितलं की प्रत्येकाने एक मिनिटात नाव, गाव, शाळा, घरचे आणि छंद सांगायचे, यादीच्या क्रमाने. साठ जण, एकेक मिनिट, म्हणजे तासाभराचं काम. पहिल्या दहाबारा जणांचं मी अगदी कान देऊन ऐकलं. एका मुलाने सांगितलं की त्यांच्याकडे नारळाची बाग आहे पण त्याला झाडावर चढता येत नाही, ते अजून आठवतं. पुढेपुढे लक्ष उडायला लागलं. चाळिसावा नंबर गेला आणि माझ्या पोटात गोळा आला.

कारण भाषेचं होतं. इंग्रजी बोलायची सवय नव्हती. कन्नड मला येत होतं, शाळेत शिकले होते आणि बाजारात बोलत होते. पण ते बेळगावचं कन्नड. आम्ही "या" म्हणताना "बर्री" म्हणतो आणि बेंगळूरचे लोक "बन्नी" म्हणतात. आदल्याच दिवशी कॅन्टीनमध्ये मी तोंड उघडल्यावर मागची दोन मुलं हसली होती. कदाचित ती दुसऱ्याच कशाला हसली असतील, पण मी ठरवून टाकलं की इथे कन्नड बोलायचं नाही, इंग्रजीच बोलायचं, आणि तेही पाठ करून. मग चार वाक्यं मनातल्या मनात घोकत बसले. "हॉबीज आर" की "हॉबी इज" यावर माझं सगळं डोकं अडकलं होतं.

पंचेचाळीस, सेहेचाळीस, सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस नंबर उठला तेव्हा माझ्या हाताला घाम सुटला होता. ती माझ्यापासून वीतभर अंतरावर उभी राहून पूर्ण मिनिटभर बोलली. लोक एकदोनदा हसलेही. ती काय बोलली, यातला एक शब्द मला ऐकू आला नाही. कान बंद नव्हते, पण आत जागा नव्हती. मग मी उठले, माझी चार वाक्यं म्हटली आणि बसले. त्यानंतर पन्नास, एक्कावन्न, बावन्न या नंबरांनी काय सांगितलं तेही कळलं नाही, कारण आता मी आपण काय चुकलो याचा हिशेब करत होते.

घोळ झाला त्याच संध्याकाळी. जेवणाच्या रांगेत एक निपाणीची मुलगी भेटली, दुसऱ्या शाखेची. तिच्याबरोबर एक कोल्हापूरची होती, ती कॉमेडकेची परीक्षा देऊन आली होती. दोन दिवसांनी मराठी कानावर पडलं आणि मला इतकं बरं वाटलं की मी दोघींना थेट खोलीवर घेऊन आले. कुंद्याचा डबा उघडला. बिदर टेबलाकडे तोंड करून काहीतरी लिहीत बसली होती. मी डबा तिच्यापुढे केला. तिने मान हलवली आणि म्हणाली, "ब्याड." नको. हे सुद्धा बेळगावसारखंच कन्नड होतं, बेंगळूरचं माणूस "बेडा" म्हणालं असतं. ते मला जाणवलं, पण मी तिथे थांबले नाही. पुन्हा मैत्रिणींकडे वळले.

निपाणीने विचारलं, "ही बोलत नाही काय गे?"

"नाही गे," मी म्हणाले, "शिष्ट आहे वाटतं. आणि ती ट्रंक बघितलीस काय? वाट अडवून बसलीय नुसती. जत्रेला दुकान मांडायला आल्यासारखी आलीय."

तिघी हसलो. कोल्हापूरने त्यात आणखी भर घातली, ती इथे लिहीत नाही. बिदरने मागे वळून बघितलं नाही. थोड्या वेळाने वही मिटली आणि दिव्याकडे पाठ करून झोपली.

पुढचे दोन दिवस ती माझ्याशी वाईट वागली असं नाही. आंघोळीचं गरम पाणी आलं की दारावर टकटक करायची. माझी दोरीवरची ओढणी उडाली तर उचलून ठेवायची. पण बोलायची नाही. मी आपली समजूत करून घेतली की स्वभावच असा आहे. माझं बरं चाललं होतं. संध्याकाळी निपाणी आणि कोल्हापूर येत होत्या, मराठीत गप्पा होत होत्या, घरी फोनवर मी सांगत होते की मैत्रिणी मिळाल्या.

खरं म्हणजे वर्गात माझी एकीशीही ओळख झालेली नव्हती. वर्गात त्या आठवड्यात जो तो एकमेकांना दोनच प्रश्न विचारत होता. रँक किती? आणि सीट कुठली, सीईटीची, कॉमेडकेची की मॅनेजमेंटची? या प्रश्नांची उत्तरं मिळाली की पुढे बोलायला काही उरत नाही. सीट कुठली हे कळलं की साधारण फी कळते आणि फी कळली की घरची परिस्थितीही कळते. ज्याची रँक चांगली तो मोठ्याने सांगतो, बाकीचे विषय बदलतात किंवा उठून जातात. त्या प्रश्नाने कुणाची मैत्री झालेली मी बघितली नाही.

शुक्रवारी पहिल्यांदा वर्कशॉप होतं. व्हीटीयूत तेव्हा पहिल्या वर्षाचे दोन भाग असत, फिजिक्स सायकल आणि केमिस्ट्री सायकल. अर्धे वर्ग एक घेत, अर्धे दुसरं, आणि पुढच्या सेमिस्टरला अदलाबदल. आमची आधी फिजिक्स सायकल होती आणि वर्कशॉप तिच्यात येत होतं. खाकी ॲप्रन, पायात बूट, केस बांधलेले. लांब लाकडी बाकं आणि त्यांना बसवलेले व्हाइस. यादीप्रमाणे दोघादोघांना एक बाजू. म्हणजे पुन्हा आम्ही दोघी.

पहिलं काम बघायला सोपं. तळहातावर मावेल एवढा लोखंडी पत्र्याचा जाड तुकडा देतात. त्याची एक कड कानशीने घासून सपाट करायची आणि मग शेजारची कड तिला काटकोनात आणायची. पुढे त्यातून खाचा कापून एकात एक बसणारे तुकडे करायचे असतात, पण या दोन कडा नीट झाल्या नाहीत तर पुढचं सगळं वाकडं होतं. मी तुकडा व्हाइसमध्ये आवळला आणि जोर लावून घासायला लागले. कानस पुढेही दाबत होते, मागेही दाबत होते. दहा मिनिटांत खांदे भरून आले. हाताने चाचपलं तर कड अगदी गुळगुळीत. मला वाटलं, झालं.

सरांनी गुण्या लावून बघितलं, काही न बोलता तुकडा परत दिला आणि पुढे गेले. काय चुकलं ते कळेना. मी आणखी जोर लावला.

तेव्हा शेजारून आवाज आला, "तशी नको घासूस. मधी उंच राहायलंय आन् दोन्ही टोकं खाली जायलीत. उजेडाकडं धरून बघ."

मी आधी तुकडा उजेडाकडे धरला. कडेवर गुण्याची पट्टी टेकवली तर ती मध्यभागी टेकत होती आणि दोन्ही टोकांशी उजेडाची बारीक फट दिसत होती. अगदी तिने सांगितली तशी. मग एकदम लक्षात आलं की हे सगळं मी मराठीत ऐकलं आहे.

माझे हात थांबले. तिचे थांबले नव्हते. स्वतःच्या तुकड्यावर खडू चोळत ती पुढे म्हणाली, "पुढं जाताना दाबायची, मागं येताना उचलायची. सुरुवातीला डाव्या हाताचा जोर, पुढं जाईल तसा उजव्याचा. नाहीतर कानस झोका खाते. आन् घासलेल्या जागी बोट लावू नकोस, घाम लागला की कानस सटकते."

मी तसं केलं. बोलायला तोंड नव्हतं, त्यामुळे घासणंच सोयीचं होतं. तास संपेपर्यंत एक कड बरी झाली. पट्टी लावली तर उजेड एका टोकालाच दिसत होता, तोही केसाएवढा.

हॉस्टेलकडे जाताना मी तिला गाठलं आणि म्हणाले, "सॉरी."

ती चालता चालता म्हणाली, "कशाचं सॉरी म्हणायलीस? शिष्ट म्हटल्याचं का ट्रंकेचं?"

"दोन्हीचं."

"शिष्ट म्हटलीस त्याचं काही नाही. मला इथलं कन्नड बोलायची लाज वाटायली, म्हणून मी गप्प बसायले. दिसत असंल शिष्ट. पण ट्रंक माझ्या बाबांनी केलेली आहे. त्यांचं तेच काम आहे. सगळ्यांना सांगितलं की मी त्या दिवशी."

कुठल्या दिवशी, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. रात्री मी समोरच्या खोलीत हासनकडे गेले. ती ओळखीच्या तासाला माझ्यापासून चार बाकं लांब बसली होती, तिचा नंबर विशीतला. तिला विचारलं, बिदर त्या दिवशी काय बोलली होती? हासनने एका दमात सांगितलं. घरी आजी मराठी बोलते, शाळा कन्नड, बाजारात उर्दू, म्हणून मला तिन्ही अर्ध्या अर्ध्या येतात असं म्हणाली आणि सगळे हसले. वडील पत्र्याच्या ट्रंका आणि दारं करतात, सुट्टीत ती त्यांच्या हाताखाली काम करते, छंद विचाराल तर वेल्डिंग बघायचा, पण काचेशिवाय बघू देत नाहीत. तेव्हाही सगळे हसले.

चार बाकं लांब बसलेल्या मुलीला सगळं आठवत होतं. वीतभरावर बसलेल्या मला काही नाही.

पुष्कळ वर्षांनी कळलं की यावर अभ्यास झालेला आहे. १९७३ मध्ये माल्कम ब्रेनर नावाच्या संशोधकाने माणसांना गोलात बसवून आळीपाळीने शब्द वाचायला लावले आणि नंतर कुणाला कोणते शब्द आठवतात ते तपासलं. आपली पाळी येण्याच्या अगदी आधीचे काही सेकंद आणि पाळी झाल्यानंतरचे काही सेकंद, एवढ्या काळात इतरांनी वाचलेलं लोकांना सगळ्यांत कमी आठवत होतं. म्हणजे रांगेने ओळख करून देताना ज्या दोन माणसांचं ऐकणं सगळ्यांत गरजेचं, जी आपल्या शेजारी बसतात आणि वर्षभर बसणार असतात, नेमकं त्यांचंच आपल्याला ऐकू येत नाही. आमच्यासारखी यादी असेल तर त्यातच तुमची खोलीही आली.

यातून माझी सुटका होत नाही, हेही सांगते. न ऐकणं हा मेंदूचा दोष धरला, तरी ऐकलेलं नसताना "शिष्ट आहे" हा निकाल मीच दिला होता. तिची भाषा आपल्याला ठाऊक नाही एवढ्यावरून आपली भाषा तिला ठाऊक नसणार, हेही मीच ठरवलं होतं. सीमाभागात वाढलेल्या माणसाने तरी हे ठरवायला नको होतं. आमच्या गल्लीत भाजीवालीसुद्धा तीन भाषांत हिशेब करते.

शुक्रवारी आम्ही मैत्रिणी झालो असं काही झालं नाही. शनिवारी निपाणी आणि कोल्हापूर आल्या तेव्हा मी दोघींना बिदरच्या समोरच सांगितलं की हिला मराठी येतं आणि त्या दिवशीचं सगळं कळलेलं आहे. निपाणीने कान पकडले. कोल्हापूर इतकी ओशाळली की पुढे दोन आठवडे आमच्या खोलीकडे फिरकली नाही. बिदर एवढंच म्हणाली, "आता निदान माझ्या तोंडावर बोला."

खरी सुरुवात झाली ती माझ्या कपाटाच्या कुलपामुळे. ते पहिल्याच आठवड्यात बिघडलं. फीचे उरलेले पैसे आणि मार्कलिस्टची मूळ प्रत ठेवायला जागा नव्हती. मी बिदरला विचारलं, तुझ्या ट्रंकेत ठेवू का? तिने झाकण उघडून आतला एक कप्पा रिकामा करून दिला. झाकण उघडल्यावर पहिल्यांदाच ती ट्रंक मी नीट बघितली. कोपऱ्यांना आतून दुहेरी पत्रा, कडा आत वळवून ठोकलेल्या, कुठे बोट कापणार नाही अशा. ती म्हणाली, नेहमीच्या ट्रंकेपेक्षा ही मुद्दाम उंच केली आहे, ड्रॉइंगची मोठी वही आडवी राहावी म्हणून. तिच्या बाबांनी कुणाला तरी विचारून वहीचं माप आणलं होतं. खाटेखाली ती मावत नव्हती ती त्यामुळे.

कुंद्याचा तळ उरला होता. मी पुन्हा डबा पुढे केला. या वेळी तिने चमचा मागितला.

पुढे खोलीत आम्ही एक नियम केला. खोलीत जेवढी माणसं असतील त्या सगळ्यांना कळेल त्या भाषेत बोलायचं. आम्ही चौघी असलो की मराठी. हासन आली की कन्नड, आणि आमचं कन्नड ऐकून हासन हसली तरी चालेल, पण चुकलेला शब्द तिने दुरुस्त करून द्यायचा. सहा महिन्यांत मी "बन्नी" म्हणायला लागले आणि हासन चेष्टेत "बर्री" म्हणायला लागली.

आता मी बेंगळूरमध्येच नोकरी करते. आमच्या टीममध्ये दरवर्षी कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली मुलं येतात आणि पहिल्या दिवशी त्यांची ओळख करून देण्याचं काम माझ्याकडे असतं. मी रांगेने ओळख करून घेत नाही. दहाबारा जण असतात, त्यांच्या जोड्या लावते. एका गावचे, एका कॉलेजचे दोघे एका जोडीत येणार नाहीत एवढं बघते. पाच मिनिटं एकाने विचारायचं, पाच मिनिटं दुसऱ्याने. मग प्रत्येकाने स्वतःची नव्हे, जोडीदाराची ओळख तीन वाक्यांत करून द्यायची. दुसऱ्याबद्दल बोलायचं असलं की ऐकावंच लागतं, आणि स्वतःची वाक्यं घोकायला जागाच राहत नाही.

अनुभवाने यात तीन गोष्टी घातल्या. एक म्हणजे मार्क, रँक, आडनाव आणि वडील काय करतात हे विचारायचं नाही. ते ज्याचं त्याला सांगावंसं वाटलं तर तो सांगेल. दुसरी, एक प्रश्न सगळ्यांनी विचारायचाच, "घरून असं काय आणलंयस जे इथे दुसऱ्या कुणाकडे नसेल?" एका मुलाने कुकरची जुनी शिट्टी आणली होती, कारण नवीन शिट्टीचा आवाज त्याला परका वाटतो. त्याचं नाव कुणी विसरलं नाही. तिसरी, बोलायला उठण्याआधी जोडीदाराला विचारायचं की यातलं काय सांगू नको. पहिल्या वर्षी हे मी केलं नव्हतं. एका मुलीने विश्वासाने सांगितलेली घरातल्या आजारपणाची गोष्ट तिच्या जोडीदाराने चांगल्या मनाने सगळ्यांसमोर सांगून टाकली. तिचा चेहरा बघून मला ट्रंकेची आठवण झाली.

साठ जणांच्या वर्गात हे असंच्या असं जमत नाही, त्यालाही तासभरच लागेल आणि विसाव्या जोडीनंतर पुन्हा कुणी ऐकणार नाही. तिथे दहादहाचे गट करावे लागतात आणि ते शिक्षकांच्या हातात असतं.

माझ्या भाचीच्या हातात ते नव्हतं. तिच्या वर्गात रांगेची ओळख होऊन गेली होती. म्हणून तिला एवढंच सांगितलं, "उद्या शेजारच्या मुलीला सरळ सांग, काल तुझ्यानंतर लगेच माझा नंबर होता, मी घाबरले होते, तुझं काही ऐकू आलं नाही, परत सांगशील का?"

"तिला राग नाही येणार?"

"विचारून बघ."

दुसऱ्या दिवशी रात्री मेसेज आला. शेजारची मुलगी हसून म्हणाली होती, बरं झालं विचारलंस, मला पण तुझं काही ऐकू आलं नव्हतं. मग दोघींनी कॅन्टीनमध्ये बसून पहिल्यापासून ओळख करून घेतली. अर्धा तास लागला. तिच्या घरी मधमाश्यांच्या पेट्या आहेत म्हणे.

मी तो मेसेज बिदरला पाठवला. ती आता हैदराबादला असते. तिचं उत्तर लगेच आलं. "मला पण तुझं काही ऐकू आलं नव्हतं त्या दिवशी. बेळगाव एवढंच कळलं. छंद काय म्हणाली होतीस?"

सोळा वर्षांनी मला तो खरंच आठवेना. हॉबी "आर" की "इज" एवढंच आठवलं.